काडी झालेली तुळस परत पालवली, त्याची सगळी हकीकत

जानेवारीत सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या आणि टेम्पोत सामानाबरोबर त्यांची तुळसही आली. कृष्ण तुळस, दहा इंची मातीची कुंडी, दोन फुटांच्या आसपास उंची. बुंधा करंगळीएवढा जाड, पार करडा, त्यावर भेगा, आणि खालच्या अर्ध्या भागात एक पान नाही. वर आठ-दहा फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला वाळून तपकिरी झालेली मंजिरी, तिच्याखाली नखाएवढी दोन-चार पानं, तीही पिवळट. सोसायटीत ज्यांनी ज्यांनी बघितली त्यांनी "गेली ती, नर्सरीतून नवीन आणा" असंच सांगितलं. आई मात्र म्हणाल्या, "बघ गं, हिच्यात जीव आहे का अजून. असला तर टाकायची नाही."

मग पहिलं काम तेच, जीव आहे का बघायचा. नखाने फांदीची साल अगदी हलकी खरवडायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी पण नाही, नुसती तांदळाच्या दाण्याएवढी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत, फिकट तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तेवढा भाग मेलेला. पण एका जागी खरवडून निर्णय घ्यायचा नाही, कारण फांदी टोकाकडून खाली मरत येते, म्हणून टोकापासून सुरुवात करून दोन-दोन इंच खाली यायचं. आमच्या तुळशीची टोकं सगळी कोरडी होती, कट्कन मोडत होती, पण थोडं खाली आल्यावर बहुतेक फांद्यांना आत हिरवा पदर लागला. दोन फांद्या मात्र बुंध्यापर्यंत कोरड्या होत्या. बुंधा खरवडला तर तिथे स्वच्छ हिरवं. म्हणजे झाड वरून वाळलेलं आणि खालून जिवंत.

याच्या बरोबरीनेच बुंधा मातीत शिरतो तिथे बोटाने दाबून बघितलं. हे कुणी सांगत नाही पण फांद्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. तिथे साल काळपट, मऊ असेल, दाबल्यावर सुटून येत असेल आणि मातीला कुजका वास येत असेल तर मुळं सडलेली आहेत, आणि मग वर कितीही छाटणी करा, झाड सहसा वाचत नाही. आमचा बुंधा टणक होता. माती मात्र दगड झालेली, वर पांढरा थर, आणि पाणी ओतलं की मातीत न मुरता कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून ट्रेमध्ये.

आता ही अशी का झाली ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. साताऱ्याच्या घरी मंजिरी आली की देवापुरती एखादी घ्यायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या अशी पद्धत होती, मंजिऱ्यांनी भरलेली तुळस म्हणजे लक्ष्मी असं आई म्हणतात आणि दिसतेही ती सुंदर. पण झाडाच्या बाजूने बघितलं तर मंजिरी येते ती फांदीच्या शेंड्यालाच. जो शेंडा इतके दिवस पानांच्या जोड्या काढत होता तोच मंजिरी होतो, आणि एकदा मंजिरी झाला की त्या टोकातून परत पान येत नाही, तिथे त्या फांदीची वाढ संपली. मंजिरी खालून वर फुलत जाते, वरच्या टोकाला जांभळट फुलं उमलत असतात तेव्हा खालच्या पेल्यांमध्ये बी धरलेलंसुद्धा असतं, प्रत्येक पेल्यात चारपर्यंत बारीक बिया. अशा एका मंजिरीवर किती पेले आणि झाडावर किती मंजिऱ्या, हे सगळं बी पोसायला झाड जोर लावतं आणि पानांकडे जायचं ते तिकडे जातं. तुळस काही वडा-पिंपळासारखी शंभर वर्षं जगणारी नाही, तिची धडपड बी टाकून मोकळं होण्याकडेच असते. एकदा बी पिकलं की खालची पानं पिवळी पडून गळतात, फांद्या लाकडासारख्या होतात, आणि त्यातच कार्तिक संपून थंडी सुरू झाली की नवीन पालवी येणंही थांबतं. म्हणून तुळशीच्या लग्नाला भरगच्च असलेली तुळस संक्रांतीपर्यंत नुसत्या काड्या झालेली दिसते. रोग वगैरे काही नसतो त्यात बऱ्याचदा.

थंडी होती म्हणून लगेच कटर चालवला नाही. पुण्यात जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो आणि तुळस उष्ण हवेतलं झाड आहे, त्या थंडीत ती झोपलेलीच असते. तेव्हा जोरात छाटलं तर कापलेल्या जागी नवीन फूट यायला ताकद नसते आणि फांदी उलट कापल्या जागेपासून खाली वाळत जाते. त्यामुळे जानेवारीत फक्त वाळक्या मंजिऱ्या काढल्या. त्या हाताने ओढल्या तर फांदीची साल सोलून येते, म्हणून दोन बोटांत फांदी धरून दुसऱ्या हाताने मंजिरीचा दांडा मोडायचा. आईंनी खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्या मंजिऱ्या त्यावर घेतल्या. तळहातावर चोळून फुंकर मारली की भुसा उडतो आणि खसखशीसारखं बारीक तपकिरी बी उरतं. ते कागदाच्या पुडीत घालून देवघराच्या खणात ठेवलं. ते पुढे कामाला आलं.

कुंडी आमच्या पूर्वेच्या बाल्कनीत ठेवली होती, तिथे सकाळचं चार तास ऊन येतं. थंडीत ते पुरेना म्हणून दुपारी उचलून बेडरूमच्या खिडकीत. तुळशीला कमीत कमी चार-पाच तास थेट ऊन पाहिजेच, नाहीतर ती लांबट आणि विरळ होते, पेरांमधलं अंतर वाढतं आणि पानं छोटी राहतात.

पाण्याचं सांगायला मला सगळ्यात जास्त जागा लागणार आहे, कारण काडी झालेल्या तुळशी छाटणीने नाही तर पाण्याने मरतात. झाड मुळांनी पाणी ओढतं ते बरंचसं पानांतून हवेत जातं. पानंच नसली तर पाणी ओढायला कारणच नाही, मग कुंडीत ओतलेलं पाणी तसंच साचून राहतं, मातीत हवा राहत नाही आणि मुळं गुदमरून सडतात. पण आपण काय करतो, तुळस वाळलेली दिसली की तहानली असेल म्हणून अजून पाणी घालतो. त्यातून रोज सकाळी अंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं हा तर नेम. भरल्या झाडाला उन्हाळ्यात तांब्याभर पाणी ठीक आहे, पण पान नसलेल्या झाडाला जानेवारीत रोज तांब्या म्हणजे फार झालं.

हे आईंना सांगायचं कसं याचा मला जरा विचार पडला होता, कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा नेम, तो मोडा असं मी म्हणणार नव्हते आणि म्हणायचंही नव्हतं. मी फक्त त्यांचं बोट मातीत घालून दाखवलं. वरून माती कोरडी, पांढरी, पण दोन पेरं आत गेल्यावर गार आणि ओली. म्हटलं, "आई, तिला अजून कालचंच पाणी संपलेलं नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनीच तोडगा काढला, तुळशीला संध्येच्या पळीने एक पळी पाणी आणि तांब्यातलं उरलेलं शेजारच्या जास्वंदीला. नेमही राहिला आणि तुळसही. पळीभर पाण्याने मातीला काही फरक पडत नाही. खरं पाणी द्यायचं ते बोट घालून बघायचं, दोन पेरं कोरडी लागली की मग पोटभर, म्हणजे खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि ट्रेमध्ये साचलेलं लगेच ओतून टाकायचं. जानेवारीत हे आठवड्यातून एकदा व्हायचं, मे महिन्यात पानं आल्यावर रोज. दिवस ठरवून पाणी देण्यात अर्थ नाही, बोट सांगेल तेव्हा द्यायचं.

आणि दूध. नैवेद्याचं दूध, पंचामृत तुळशीत ओततात ना, ते मातीत आंबतं, त्यावर मुंग्या आणि बुरशी येते. हळदकुंकू मातीवर पडत राहिलं की वरचा थर घट्ट होतो, आमच्या कुंडीत वर चांगला बोटभर असा थर होता, ओला झाला की चिखल आणि वाळला की पापुद्रा. आता हळदकुंकू कुंडीच्या बाहेरच्या बाजूला लावतो, तिथे आईंनी गेरूने छोटं स्वस्तिक काढलंय. उदबत्ती मातीत खोचत नाही, आणि निरांजन फांद्यांपासून हातभर लांब ठेवतो, खालची पानं धगीनेच करपतात कितीतरी घरांत आणि लोक कीड समजून औषध मारतात.

महाशिवरात्र झाली, सकाळचा गारवा गेला, दुपारी चटका बसायला लागला आणि एक दिवस आईच म्हणाल्या की बुंध्यावर काहीतरी जांभळं दिसतंय. जवळ जाऊन बघितलं तर करड्या लाकडावर, जिथे कधीतरी पान गळून गेल्याची आडवी खूण होती, त्या खुणेच्या वरच मोहरीएवढे दोन फुगीर ठिपके, जांभळट. समोरासमोर. तुळशीची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, पान गळलं तरी डोळा तिथे झोपून राहतो. वरचा शेंडा जोवर वाढत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही, शेंडा गेला आणि हवा तापली की ते उठतात. म्हणजे छाटणी कुठे करायची ते झाडानेच दाखवलं.

छाटणीला साधा बागेचा कटर घेतला, पात्याला सॅनिटायझर लावून पुसला. आमच्याकडे तुळशीला लोखंड लावत नाहीत, त्यावर आईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "पान घेताना बोटांनीच घ्यायचं. पण वाळलेलं काष्ठ काढणं वेगळं, ते काढलंच पाहिजे." नमस्कार करून त्यांनीच पहिली वाळकी फांदी काढली. त्या दोन पूर्ण मेलेल्या फांद्या बुंध्याला लागून काढल्या, बाकीच्या प्रत्येक फांदीवर सगळ्यात वरचा जिवंत डोळा शोधला आणि त्याच्या वर पाव इंच ठेवून तिरका काप दिला. तिरका यासाठी की पाणी कापावर थांबत नाही. पाव इंच यासाठी की अगदी डोळ्याला लागून कापलं तर डोळाच वाळतो, आणि दोन-तीन इंच खुंट ठेवला तर तो खुंट वाळत जातो आणि कीड तिथून शिरते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या फांदीवर डोळा दिसत नव्हता, हिरवं होतं पण फूट काही नाही, ती मी तेव्हा अजिबात कापली नाही. तुळशीच्या जुन्या, जाड, पूर्ण लाकूड झालेल्या भागातून नवीन फूट येईलच असं नसतं. गुलाबासारखी बुंध्यापर्यंत छाटली आणि वाट बघत बसलं तर बऱ्याचदा नुसता खुंट उरतो. म्हणून जिवंत पानं जेवढी आहेत तेवढी ठेवायची, पिवळट का असेनात, त्यांच्यावरच झाड नवीन फूट काढण्याइतकं अन्न करतं. एकावेळी हिरव्या भागापैकी तिसरा हिस्सा काढला तर खूप झालं, बाकीचं खालून पालवी फुटल्यावर. सगळं मिळून आमची दोन फुटांची तुळस सव्वा फुटावर आली.

त्याच दिवशी कुंडी बदलली. एरवी मी छाटणी आणि कुंडी एकदम करू नका असंच सांगीन, झाडाला दोन्ही ताण एकत्र नकोत, पण इथे माती पाणीच घेत नव्हती म्हणून इलाज नव्हता. कुंडी आडवी करून कडेने थापट्या मारल्या तर आख्खा गोळा बाहेर आला आणि मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरून त्याची चटईच झालेली, तळाच्या भोकावर ठेवलेली खापरी मुळांनी पार आवळलेली. पांढरी-फिकट मुळं जिवंत, काळी आणि चिमटीत धरल्यावर साल सुटणारी मेलेली. काळी तेवढी काढली, तळाची चटई बोटांनी मोकळी करून साधारण इंचभर कापली, मधला गोळा फोडला नाही. मुळांवर गाठीगाठी आहेत का तेही बघितलं, बारीक मण्यांची माळ असावी तशा गाठी दिसल्या तर सूत्रकृमी असतात आणि मग ती माती परत वापरायची नाही. आमच्याकडे नव्हत्या.

नवीन कुंडी बारा इंची, मातीचीच, कारण ती घाम घेते आणि जास्तीचं पाणी लवकर उडतं. दोन भाग बागेची लाल माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडी वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखं भुसभुशीत लागलं पाहिजे आणि वास येता कामा नये, ओलं शेण घातलं तर ते कुजताना मुळं भाजतात. नर्सरीवाले दादा कोकोपीट घ्या म्हणत होते, मी नाही घेतलं, पानं नसलेल्या झाडाला ओल धरून ठेवणारी माती नकोच आहे. आधी बुंधा जेवढा मातीत होता तेवढाच ठेवला, वर माती चढवली नाही. एकदा पोटभर पाणी दिलं आणि आठवडाभर कडक उन्हात न ठेवता उजेडात ठेवलं, मग सकाळच्या उन्हात परत.

आणि खत नाही. हे फार जणांचं चुकतं असं मला वाटतं, झाड मलूल दिसलं की युरिया, डीएपी, चहाचा चोथा, जे मिळेल ते टाकतात. पानंच नाहीत तर ते खत वापरणार कोण? नवीन पालवीला तीन-चार जोड्या पानं आल्यावरच मूठभर गांडूळखत दिलं, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तेवढंच.

पहिले दोन-तीन आठवडे ठिपके होते तेवढेच राहिले. रोज बघितलं की काही हलत नाही असं वाटतं. मग मार्चच्या शेवटी एकदम सगळ्या डोळ्यांतून पानं उलगडायला लागली, आधी गडद जांभळी, चुरगळलेली, मग उन्हात हिरवट होत जाणारी. एक फांदी मात्र गेली. काप दिलेल्या टोकापासून काळी रेघ खाली उतरत होती, सुरुवातीला पेन्सिलच्या रेघेएवढी, आणि तिच्यावरची कोवळी फूट दुपारी मान टाकायची. अशी रेघ दिसली की वाट बघायची नाही, रेघ संपते त्याच्याही खाली, आतलं लाकूड पांढरट स्वच्छ लागेल तिथे परत कापायचं. आम्ही तसं कापलं, ती फांदी बुंध्याशी दोन बोटं उरली पण आजार बुंध्यात उतरला नाही.

आता मंजिरी खुडायचं. एप्रिलमध्ये नवीन फांद्या चार-पाच इंच झाल्या, प्रत्येकीवर पानांच्या तीन-चार जोड्या, तेव्हा मंजिरी यायच्या आधीच प्रत्येकीचा शेंडा पहिल्यांदा खुडला. वरची कोवळी जोडी तेवढी, बोटाच्या चिमटीने. तिथून दोन फांद्या फुटल्या. त्या वाढल्यावर त्यांचे शेंडे खुडले, चार झाल्या. झाड भरगच्च होतं ते असंच, दुसरा उपाय नाही. खुडलेले शेंडे चहात, देवाला, काहीच वाया जात नाही.

मंजिरी येतेय हे फुलं दिसायच्या बरंच आधी कळतं, फक्त शेंडा वरून बघायची सवय पाहिजे. पानाचा शेंडा असतो तेव्हा वरची जोडी सैल, उलगडत असते. मंजिरीचा शेंडा व्हायला लागला की जोड्या एकमेकींवर घट्ट बसतात, पानं अगदी बारीक होतात आणि वरून बघितलं तर चौकोनी मनोऱ्यासारखं टोक दिसतं. त्याच वेळी खुडलं तर झाडाचा काहीच तोटा होत नाही. जांभळी फुलं दिसली तरी ठीक आहे. खालचे पेले तपकिरी व्हायला लागले म्हणजे बी धरलं, तेव्हा उशीर झाला, तरी काढायचीच.

आणि नुसती मंजिरी ओरबाडून भागत नाही. मंजिरीच्या लगेच खालच्या पानांच्या बगलेत बघा, तिथेही दोन बाजूंना छोट्या मंजिऱ्या तयार असतात, त्रिशूळासारख्या. वरची एकटी काढली की आठवड्यात त्या दोन फुलतात आणि मग लोक म्हणतात, कितीही काढा मंजिऱ्या थांबतच नाहीत. म्हणून बगलेत बघत बघत खाली यायचं आणि ज्या जोडीच्या बगलेत मंजिरी नाही, चपट्या पानांची कोवळी फूट आहे, त्या जोडीच्या वर खुडायचं. मंजिरीसोबत पानांच्या दोन जोड्या जातात, जाऊ द्यायच्या. तिथून जी फूट येते ती पानांची असते.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्याला हे करावंच लागतं. आमच्याकडे रविवारी, एकादशीला, द्वादशीला आणि दिवे लागल्यावर तुळशीला हात लावत नाहीत, म्हणून गुरुवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर. मंजिऱ्या तोडायला आईंचं मन आधी घेत नव्हतं, पण त्या विठ्ठलाला वाहायच्या असं ठरलं तेव्हा त्याच पुढे झाल्या. आता गुरुवारी देवघरातल्या विठोबाच्या गळ्यात हिरव्या मंजिऱ्यांची छोटी माळ असते, आणि कोवळ्या मंजिरीला जो वास आहे तो पानालाही नाही. त्या आता माझ्यापेक्षा बारीक नजरेने बगला तपासतात, "ही बघ, ही लपलेली" म्हणून मला दाखवतात. छाटणीत निघालेली जाड काष्ठं त्यांनी वाळवून डब्यात जपून ठेवलीत, ती टाकायची नसतात.

पावसाळ्यात एक त्रास झाला. शेंड्याची पानं आत वळायला लागली, वरून फिकट ठिपके, आणि पान उलटून बघितलं तर मोहरीपेक्षाही बारीक काळपट किडे आणि विष्ठेचे काळे ठिपके. हे रस शोषणारे किडे तुळशीवर हमखास येतात आणि लक्ष दिलं नाही तर महिन्याभरात परत काड्या. वळलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाकले, बाकी झाडाला एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारलं, दर आठवड्याला, किडे दिसेनासे होईपर्यंत. तेवढे दिवस पानं चहात घातली नाहीत.

तुळशीच्या लग्नाचं गणित वेगळं ठेवलं. नवरीला मंजिऱ्या पाहिजेतच, आईंचा तो हट्ट आणि मलाही पटला, म्हणून कोजागरीनंतर खुडणं बंद केलं. कार्तिकी द्वादशीपर्यंत सगळ्या शेंड्यांना हिरव्या, जांभळ्या फुलांच्या मंजिऱ्या आल्या. ऊस मात्र कुंडीत खोचला नाही, बाराच्या कुंडीत ऊस खोचला की मुळं तुटतात, त्याऐवजी कुंडीच्या बाहेरून दोन्ही बाजूंना बांधला, चिंचा-आवळे खाली ताटलीत ठेवले. पौर्णिमा झाल्यावर बी पिकायच्या आत मंजिऱ्या उतरवल्या, फक्त दोन फांद्यांवर बियाण्यासाठी ठेवल्या. त्यामुळे यंदा डिसेंबरात पानं कमी झाली, छोटी झाली, पण झाड उघडं पडलं नाही.

आता हेही सांगते की या बुंध्याला किती वर्षं काढता येतील त्याला मर्यादा आहे. कुंडीतली तुळस चांगली ठेवली तर तीन-चार वर्षं छान राहते, मग बुंधा पोकळ होत जातो, प्रत्येक छाटणीनंतर फूट कमी येते. म्हणून तिचीच पोरं तयार ठेवली आहेत. जूनमध्ये मंजिरी नसलेल्या फांदीचे चार इंचांचे शेंडे घेतले, खालची पानं काढून काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवले, पाणी एक दिवसाआड बदललं, दोन आठवड्यांत पांढरी मुळं आली आणि इंचभर झाल्यावर मातीत लावले. मंजिरी असलेल्या काडीला मुळं फुटायला फार वेळ लागतो, बऱ्याचदा ती फुलतच बसते आणि कुजते. आणि देवघरातल्या पुडीतलं बी मार्चमध्ये पसरट कुंडीत टाकलं होतं, ओल्या चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर चिमूटभर माती, खोल पुरलं तर उगवत नाही, आणि पाणी ओतायचं नाही, स्प्रेने द्यायचं, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. आठ-दहा दिवसांत उगवलं. सहा पानांवर आल्यावर एक-एक वेगळं केलं, दोन सोसायटीत गेली, एक साताऱ्याच्या घरी जुन्या वृंदावनात लावलंय, तिथे शेजारच्या काकू पाणी घालतात आणि त्यांनाही बगलेतली मंजिरी कशी बघायची ते आईंनी फोनवर समजावून सांगितलंय.